कॉम्प ऑफ दिला म्हणजे रविवारचा हिशेब मिटत नाही

प्रति,
मा. कामगार मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी काम करून घेऊन बदली सुट्टी दिल्यास द्यायचे वेतन

महोदय,

मुंबईतले मॉल, इस्पितळे, ऑफिसच्या इमारती आणि मोठ्या गृहसंकुलांत हाउसकीपिंग आणि सिक्युरिटीचे काम कंत्राटावर चालते. या कामगारांची मस्टर आणि पगारपत्रके तपासणे हे आमचे काम. त्यात एक घोळ इतका रुळला आहे की आता तो कोणाला घोळ वाटतच नाही. कामगाराला रविवारी बोलावतात, बदल्यात बुधवारी सुट्टी, म्हणजे कॉम्प ऑफ, देतात आणि फिटंफाट झाली असे समजतात. पगार जेवढा होता तेवढाच निघतो.

हा समज कुठून आला ते आधी सांगतो, कारण तो निव्वळ लबाडीतून आलेला नाही. 1948 च्या कारखाने कायद्यात, कलम 52 प्रमाणे, रविवारची सुट्टी आधीच्या किंवा नंतरच्या तीन दिवसांत हलवता येत असे. तिथे जादा कामाचा हिशेब दिवसाचे 9 आणि आठवड्याचे 48 तास यांवर चालायचा. रविवारी काम आणि त्याच आठवड्यात बुधवारी सुट्टी, म्हणजे तास 48 च. जादा काहीच नाही. कारखान्यापुरते हे गणित बरोबर होते. पगारपत्रके बनवणाऱ्या सल्लागारांनी ते जसेच्या तसे उचलून मॉलमधल्या सफाई कामगाराला लावले, आणि तिथे ते चुकते.

कारण तिथला कायदा वेगळे बोलतो. दुकाने व आस्थापनांच्या 2017 च्या राज्य कायद्यात दोन गोष्टी स्वतंत्रपणे दिल्या आहेत. साप्ताहिक सुट्टी नाकारली तर तिच्याऐवजी दोन महिन्यांच्या आत भरपाई सुट्टी द्यायची, ही एक. सुट्टीच्या दिवशी काम करायला लावले तर नेहमीच्या दराच्या दुप्पट वेतन द्यायचे, ही दुसरी. दोन्हींच्या मध्ये ‘किंवा’ लिहिलेला नाही. तो मालक मनाने घालतात, कारण दोन्ही एकत्र लागू केल्यावर आकडा नेमका किती येतो ते कायदा सांगत नाही.

हा आकडा किमान वेतनाच्या 1950 च्या केंद्रीय नियमांत, नियम 23 मध्ये, सांगितलेला होता. सुट्टीच्या दिवशी काम केले आणि बदली सुट्टीही मिळाली, तर काम केलेल्या दिवसाचे वेतन जादा कामाच्या दराने द्यायचे आणि बदली सुट्टीचे वेतन साध्या दराने. पण रोजचा दर महिन्याच्या पगाराला 26 ने भागून काढलेला असेल, तर सुट्टीचे पैसे त्या दरातच मुरलेले असतात; म्हणून अशा वेळी फक्त काम केलेल्या सुट्टीचे पैसे जादा दराने द्यायचे, बदली सुट्टीचे वेगळे नाहीत.

एक उदाहरण पूर्ण करून दाखवतो. जून 2026 चे कॅलेंडर घ्या. 1 तारखेला सोमवार, दिवस 30, रविवार चार, कामाचे दिवस 26. अंधेरीच्या एका मॉलमधल्या सफाई कामगाराचा पगार 20,800 रुपये धरू. 26 ने भागले की रोज 800 रुपये. त्याला रविवारी 14 तारखेला बोलावले आणि बुधवारी 17 ला सुट्टी दिली. कंत्राटदार हजेरी मोजतो, 26 भरते, तो 20,800 देतो. खरा हिशेब असा : बाकीचे 25 दिवस 800 प्रमाणे 20,000, आणि 14 तारखेचे दुपटीने 1,600, एकूण 21,600. बदली सुट्टी दिलीच नसती तर 26 दिवसांचे 20,800 आणि रविवारचे 1,600, म्हणजे 22,400 झाले असते. बदली सुट्टीने कंत्राटदाराचे 800 वाचतात. उरलेले 800 तो गिळतो.

कामगारांच्या बाजूनेही इथे चूक होते, तीही सांगायला हवी. बदली सुट्टी घेऊनही पुऱ्या पगारावर आणखी 1,600 मागणारे आम्हाला भेटतात. 26 च्या दराने पगार असेल तर ती मागणी टिकत नाही, कारण दुपटीतला एक हिस्सा 26 हजेऱ्यांच्या पगारात आधीच आलेला असतो. भांडण एका दिवसाच्या पगाराचे आहे. ते तेवढेच ठेवले तर तक्रार जिंकता येते.

त्या एका दिवसातही कात्री लागते. गैरहजेरीचे पैसे कापताना कंत्राटदार 26 ने भागतो, म्हणजे 800 कापतो. जादा कामाचे देताना मात्र 30 ने भागतो. मग दर 693 रुपये 33 पैसे होतो, दुप्पट 1,386 रुपये 67 पैसे, आणि दर रविवारी 213 रुपये 33 पैसे गायब होतात. स्लिपवर भाजक छापलेला नसतो, त्यामुळे कामगाराला हे कळायला मार्ग नाही.

पण पैसे चुकतात त्याच्या आधी नोंद चुकते, आणि आपण लक्ष घालावे असे खरे ठिकाण ते आहे. हजेरीच्या सॉफ्टवेअरमध्ये 14 तारखेला WOP, म्हणजे सुट्टीच्या दिवशी हजर, आणि 17 तारखेला CO, म्हणजे बदली सुट्टी, अशी खूण पडायला हवी. प्रत्यक्षात सुपरवायझर 14 ला साध्या हजेरीचा P टाकतो आणि WO, म्हणजे साप्ताहिक सुट्टीची खूण, उचलून 17 वर ठेवतो. महिनाअखेरीस पाहिले तर या माणसाची सुट्टी त्या आठवड्यात बुधवारीच होती असे दिसते. रविवारचे काम कागदावर उरतच नाही. मग दुप्पट कशाचे मागणार?

हे पकडता येते. महिनाभरात कोणाची WO वारंवार वार बदलते ते पाहायचे आणि त्या तारखा नोटीस बोर्डावर आधी लावलेल्या ड्यूटी चार्टशी जुळवायच्या. 1950 च्या नियमांत सुट्टीचा वार बदलायचा असेल तर बदलाआधी कामाच्या जागी सूचना लावणे बंधनकारक होते. सूचना आधी लागली असेल तर तो खरा बदल. चार्टवर रविवार आणि मस्टरवर बुधवार असेल, तर तो मागाहून केलेला खेळ. म्हणून तपासणीला जाणाऱ्या अधिकाऱ्याने मस्टरबरोबर चार्टची प्रतही मागावी. नुसते मस्टर पाहिले तर सगळे नीटनेटकेच दिसते.

बदली सुट्टी केव्हा द्यायची यातही एक फट आहे. त्याच नियमाप्रमाणे ती मूळ सुट्टीच्या आधीच्या किंवा नंतरच्या पाच दिवसांत द्यायची, आणि सलग दहा दिवसांपेक्षा जास्त काम पडता कामा नये. वरच्या उदाहरणात 14 नंतरचा पाचवा दिवस म्हणजे शुक्रवार, 19 जून. 17 ऐवजी त्या दिवशी सुट्टी दिली तरी पाच दिवसांची अट पाळली जाते. पण आधीची सुट्टी 7 तारखेची. 8 ते 18 मोजा, अकरा दिवस सलग काम होते. म्हणजे गुरुवारी 18 तारखेपर्यंतच सुट्टी देता येते. दुकाने कायद्यातल्या दोन महिन्यांच्या मुदतीला अशी मर्यादा जोडलेली नाही. मग कॉम्प ऑफ साठत जातो आणि साठ दिवस झाले की सॉफ्टवेअर तो आपोआप खोडते. सुट्टी दिली नाही मालकाने आणि हक्क बुडाला कामगाराचा, हा उफराटा न्याय आहे. मुदतीत न दिलेल्या प्रत्येक कॉम्प ऑफचे पैसे पुढच्याच पगारात निघायला हवेत, आणि नोकरी सुटली तर शेवटच्या हिशेबात.

सिक्युरिटीच्या कंत्राटांत याच्या वर आणखी एक थर असतो. गार्ड सहा दिवस काम करतो, सातव्या दिवशी त्या जागी रिलीव्हर लागतो. म्हणून बिलात वेतनाच्या एक षष्ठांश इतका रिलीव्हर चार्ज धरतात. 20,800 वर तो सुमारे 3,467 रुपये होतो. सातव्या दिवशीही त्याच गार्डला उभे केले तर रिलीव्हरचे पैसे सोसायटीने भरलेले असतात आणि गार्डपर्यंत पोहोचत नाहीत. दुप्पट परवडत नाही असे सांगणाऱ्या कंत्राटदाराचे बिल आधी उघडून पाहावे.

कामगाराला गप्प करण्यासाठी वापरली जाणारी एक धमकीही नोंदवतो. पगार 20,800 असेल आणि रविवारचे पैसे धरून 21,600 झाले तर ईएसआयची 21,000 ची मर्यादा ओलांडेल आणि कार्ड बंद होईल, असे त्याला सांगतात. हे खोटे आहे. जादा कामाचे वेतन त्या मर्यादेत धरत नाहीत. अडचण येते ती हे पैसे ‘इतर भत्ता’ म्हणून दाखवले तर. म्हणून स्लिपवर त्यांची ओळ वेगळी हवी.

वेतन संहिता, 2019, 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली आहे. तिच्या कलम 13 मध्ये सुट्टीच्या दिवशीच्या कामाचा दर जादा कामाच्या दरापेक्षा कमी नसावा असे म्हटले आहे, आणि तशी तरतूद करण्याचा अधिकार समुचित शासनाला, म्हणजे मॉल आणि सोसायट्यांपुरता राज्याला, आहे. बदली सुट्टी दिल्याने हा दर रद्द होत नाही, एवढे एक वाक्य राज्याच्या नियमांत स्पष्ट असावे, आणि त्याखाली वर केले तसे आकडेमोडीचे उदाहरण छापावे : एक 26 च्या दराचे, एक तीसही दिवसांचा पगार देणाऱ्या आस्थापनेचे. दुसऱ्यात 24,000 पगार असेल तर 28 दिवसांचे 22,400, बदली सुट्टीचे 800 आणि रविवारचे 1,600 मिळून 24,800 होतात. फरक पुन्हा 800 चाच, त्यामुळे कुठलीही पद्धत असली तरी पडताळा एका नजरेत घेता येतो.

वेतन चिठ्ठीच्या नमुन्यात तीन रकाने वाढवावेत : सुट्टीच्या दिवशी काम केल्याची तारीख, बदली सुट्टीची तारीख, आणि दर काढताना वापरलेला भाजक. तारखा छापल्या की मागाहून WO हलवणे अवघड होते. संहितेप्रमाणे पैसे दिल्याचे सिद्ध करण्याचा भार मालकावर आहे आणि दावा तीन वर्षांपर्यंत करता येतो. पण हातात तारीख नसलेला कामगार बांद्रा-कुर्ला संकुलातल्या कामगार भवनात जाऊन कोणत्या रविवारचा दावा लावणार?

राज्याचे नियम निघेपर्यंत थांबण्याचीही गरज नाही. शासकीय कार्यालये आणि इस्पितळांतली सफाई व सुरक्षेची कंत्राटे शासनच देते. त्या निविदांत WOP आणि CO च्या नोंदींचा महिन्याचा उतारा बिलासोबत जोडण्याची अट घाला, आणि रिलीव्हर चार्ज कोणाच्या खात्यात गेला ते दाखवल्याशिवाय बिल मंजूर करू नका. त्यासाठी कायदा बदलावा लागत नाही, एक शासन निर्णय पुरतो.

आपले,
मुंबईतील कंत्राटी कामगारांची पगारपत्रके तपासणारे काही जण