बाबा, त्या फॉर्मवर सही करू नका

ती. आई-बाबांना,

नोव्हेंबर 2025

काल फोनवर नीट बोलता आलं नाही, मी ऑफिसमधून निघत होते आणि बाबा तुम्ही एकदम म्हणालात की बिल्डरच्या ऑफिसातला मुलगा घरी येऊन दोन कागद देऊन गेला, एकावर सही करून ठेवलीये आणि दुसऱ्यावर उद्या करतो. तेव्हापासून डोक्यात तेच चाललंय म्हणून सविस्तर लिहिते. आई, तू बाबांना चष्मा दे आणि हे पूर्ण वाचू दे, मधेच फोन करू नका 🙂

आधी तो फोटो. तुम्ही व्हॉट्सॲपवर पाठवलेला कागद मी मोठा करून वाचला. त्यात छापलंय की "वैयक्तिक व आर्थिक अडचणीमुळे मी स्वेच्छेने सदर फ्लॅटचं बुकिंग रद्द करत आहे" आणि खाली तुमचं नाव, माझं नाव. बाबा हे वाक्य साधं दिसतं पण सगळा खेळ ह्याच वाक्याचा आहे. तुम्हाला वाटलं असेल की कारण काही का असेना, पैसे परत मिळाल्याशी मतलब, आणि "तुम्ही उशीर केलात" असं तोंडावर लिहिणं बरं दिसत नाही. तुमचा स्वभावच तसा. पण आपण आपल्या मर्जीने रद्द केलं की करारातलं कॅन्सलेशनचं कलम लागतं, आपल्या करारात 10 टक्के कापून उरलेले बिनव्याजी परत असं आहे. पझेशन करारातल्या तारखेला मिळालं नाही म्हणून बाहेर पडलो की बिल्डर-ग्राहक व्यवहारांच्या रेरा कायद्याचं कलम 18 लागतं, म्हणजे पूर्ण पैसे, वर व्याज, आणि ते कॅन्सलेशन चार्जेस नाहीत. फ्लॅट तोच, पैसे तेच, फक्त कारण लिहिलंय ते वेगळं.

आता आकडे सांगते म्हणजे लक्षात येईल किती फरक पडतो. आपण एकूण 36 लाख भरलेत. मार्च 2021 ला 6 लाख (तुमच्या एफडीचे, विसरले नाहीये), सप्टेंबर 2021 ला 9, जून 2022 ला 12 आणि जानेवारी 2023 ला 9. महाराष्ट्राच्या नियमात व्याजाचा दर ठरलेला आहे, स्टेट बँकेचा कर्जाचा सगळ्यात जास्तीचा मूळ दर, ज्याला एमसीएलआर म्हणतात, अधिक 2 टक्के, तो सध्या 11 च्या आसपास येतो. आणि व्याज पझेशनच्या तारखेपासून नाही मोजायचं, प्रत्येक हप्ता ज्या दिवशी बिल्डरला मिळाला त्या दिवसापासून, पैसे परत येईपर्यंत. मी सरळव्याजाने वही घेऊन बसले, तुमच्या 6 लाखांवर आजपर्यंत तीन लाखांच्या थोडे वर, 9 वर चार लाख साडेबारा हजार, 12 वर साडेचार, शेवटच्या 9 वर पावणेतीनच्या जरा वर. मिळून साडेचौदा लाख. म्हणजे आपलं मागणं साडेपन्नासचं आहे. त्यांचा फॉर्म भरला तर फ्लॅटच्या 60 लाख किमतीवर 10 टक्के, म्हणजे 6 लाख कापून 30 लाख हातात. वीस लाखांचा फरक, एका वाक्याने.

दुसरा कागद, ज्यावर तुम्ही सही केलीये म्हणालात, तो मुदतवाढीच्या संमतीचा आहे. प्रकल्पाची तारीख पुढे ढकलायची तर महारेराकडे, म्हणजे राज्याच्या रेरा प्राधिकरणाकडे अर्ज करावा लागतो आणि त्यासाठी अर्ध्याहून जास्त ग्राहकांची संमती दाखवतात, म्हणून घरोघरी सह्या चालल्यात. दिला नसेल तर फाडून टाका. दिला असेल तर मला लगेच सांगा, मी दोघांच्या नावाने ईमेल टाकते की ही सही माहिती न देता घेतली, आम्ही संमती मागे घेतोय. नाहीतर उद्या हेच दाखवतील की बघा, तारीख तुम्हीच मान्य केली होती.

तो मुलगा तुम्हाला म्हणाला ना की "काका, रेरानेच तारीख 2027 दिलीये, उशीर झालेलाच नाही". हे अर्धसत्य आहे. महारेराच्या साइटवर प्रकल्पाच्या पानावर वाढवलेली तारीख दिसते हे खरं, पण ती प्रकल्पाच्या नोंदणीची तारीख झाली. आपला करार वेगळा. मुंबई हायकोर्टाने डिसेंबर 2017 मध्ये रेराच्या केसमध्ये हेच सांगितलंय की उशीर मोजायचा तो करारात लिहिलेल्या तारखेपासून, बिल्डरने रेराकडे नवी तारीख दिली म्हणून करार बदलत नाही. आपल्या करारात तारीख 31 डिसेंबर 2023 आहे, पेनाने भरलेली, त्याच्या बाजूला माझी आणि तुमची इनिशियल आहे. मी मागच्या रविवारी साइटवर जाऊन आले, चौदातले नऊ स्लॅब झालेत, लिफ्टच्या खड्ड्यात पावसाचं पाणी साठलेलं, वॉचमन त्यातूनच बादली भरत होता. दोन वर्षं होत आली तारीख उलटून.

बाबा तुमचं म्हणणं मला कळतं की आता इतकं थांबलोय तर अजून थांबू, घर तर होईल. तोही रस्ता कायद्यात आहे, बुकिंग ठेवून ताबा मिळेपर्यंत दर महिन्याचं व्याज मागता येतं. पण वर्षभरात नवव्या स्लॅबच्या वर काही गेलेलं नाही, आणि मी भाडं आणि ईएमआय दोन्ही भरतेय. बाहेर पडायचं तर आत्ताच लेखी मागणी जायला हवी. एकदा ओसी, म्हणजे इमारत वापराचा दाखला घेऊन त्यांनी "या, ताबा घ्या" असं पत्र पाठवलं की मग प्रकरण उगाच वादात अडकतं. पण बिल्डर करारातल्या तारखेला ताबा देऊ शकला नाही तर पैसे परत मागणं हा आपला बिनशर्त हक्क आहे, हे सुप्रीम कोर्टाने 2021 मध्ये स्पष्ट केलंय, त्यामुळे "वाळू मिळत नव्हती, मजूर गावाला गेले" हे ऐकून घ्यायची गरज नाही.

मी काय करतेय ते सांगते. ह्या आठवड्यात नोटीस जाईल, करारात त्यांचा जो पत्ता आणि ईमेल दिलाय त्यावरच, स्पीड पोस्टने आणि ईमेलने दोन्ही. त्यात एवढंच, अमुक तारखेला ताबा द्यायचा होता, दिला नाही, म्हणून आम्ही कलम 18 खाली प्रकल्पातून बाहेर पडतोय, 36 लाख आणि त्यावर प्रत्येक हप्त्याच्या तारखेपासून व्याज 30 दिवसांत द्या. नाही दिलं तर महारेराकडे ऑनलाइन तक्रार, फी 5000 रुपये. वकील सुरुवातीला नसला तरी चालतं पण मी एक करणार आहे, सुनावणीत मला बोलायला सुचणार नाही माहितीये.

खोटी आशा नको म्हणून हेही लिहिते, ऑर्डर यायला वर्ष-दीड वर्ष लागू शकतं. आणि ऑर्डर आली म्हणजे पैसे आले असं नाही. त्यांनी दिले नाहीत तर वसुली वॉरंट निघून ते कलेक्टर ऑफिसकडे जातं, जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली होते, तिथे फाइल कुठे रेंगाळेल सांगता येत नाही. एक बरं आहे, बिल्डरला अपील करायचं असेल तर आपल्याला द्यायची सगळी रक्कम आधी जमा करावी लागते, नुसतं लांबवायचं म्हणून अपील करता येत नाही.

आता तुमची स्टॅम्प ड्युटीची काळजी. ती रास्त आहे. करार 26 मार्च 2021 चा आहे, आठवतंय ना, 31 मार्चला सवलत संपतेय म्हणून किती धावपळ केली होती आपण. ताबा न घेता करार रद्द झाला तर स्टॅम्प ड्युटी परत मिळते, पण त्यासाठी नोंदणी केलेलं कॅन्सलेशन डीड करारापासून 5 वर्षांच्या आत व्हावं लागतं आणि त्यानंतर 6 महिन्यांत अर्ज करायचा. म्हणजे आपली मुदत येत्या मार्चपर्यंत. बिल्डरला हे पक्कं माहितीये, म्हणूनच तो म्हणतोय ना की "आधी डीड करून टाका, पैशांचे पुढच्या तारखांचे चेक देतो". बाबा, हे अजिबात नाही. डीड रजिस्टर झालं की आपण त्या फ्लॅटचे कुणीच राहत नाही, आणि चेक परत आला तर आपण चेकची केस लढत बसणार. डीड करायचंच तर सब-रजिस्ट्रारच्या ऑफिसात, डिमांड ड्राफ्ट हातात आल्यावर सही. आणि रद्द करायचं कारण ताबा न मिळाल्याचं, स्वेच्छेने नाही. मार्चपर्यंत त्यांनी हे मान्य केलं तर उत्तम, नाहीतर ते सुमारे दोन लाख मी तक्रारीत नुकसान म्हणून मागेन, मिळाले तर मिळाले. दोन लाख वाचवायला साडेचौदा लाखांचं व्याज सोडायचं नाही एवढं ठरवू.

बँकेचं मी बघते. मूळ करार त्यांच्याकडे आहे, डीडला आणि स्टॅम्प ड्युटीच्या अर्जाला तो लागेल, म्हणून त्यांना आधीच कळवणार. परत येणाऱ्या पैशांतून आधी कर्ज फिटेल, उरलेले आपल्याला. ईएमआय बंद करणार नाही, आई तू घाबरू नकोस.

तुमच्याकडून दोनच गोष्टी हव्यात. गोदरेजच्या कपाटात खालच्या कप्प्यात निळी फाइल आहे, त्यात चारही पावत्या असतील, मार्च 2021 ची फिकट झालीये, ती उन्हाच्या उजेडात धरून फोटो काढा, तारीख दिसली पाहिजे. आणि एफडी मोडल्याची बँकेची स्लिप सापडली तर तीही. तो मुलगा परत आला तर चहा द्या, पण सांगा कागद मुलगी बघते, तिला ईमेल करा. फोनवर काही कबूल करू नका, आणि त्याने काय सांगितलं ते तारीख टाकून कॅलेंडरवर लिहून ठेवा, दुधाचा हिशोब लिहिता तिथेच.

मी शनिवारी सकाळच्या गाडीने येतेय. नोटिशीवर तुमची पण सही लागेल, ती मात्र करायची आहे.

तुमची,
ताई