तुझा लॅपटॉप आणि वर्गातला टीव्ही

प्रिय मित्रा,

लॅपटॉप शनिवारी परत पाठवतोय, चार्जर आणि माऊस त्याच बॅगेत आहेत. तू फोनवर विचारलंस की वर्गातल्या टीव्हीवर धडा दाखवायला जमलं का, तेव्हा शाळेत होतो म्हणून नुसतं हो म्हणालो, पण खरं तर तुला सगळं नीट सांगायचं होतं कारण तुझ्या लॅपटॉपमुळे जे झालं ते लॅपटॉप गेल्यावरही वर्गात राहणार आहे.

टीव्ही एका पालकांनी दिलाय, ३२ इंची, जुना, स्मार्ट वगैरे नाही. मागे दोन HDMI आणि एक यूएसबी. केबल लावली, टीव्हीच्या रिमोटवर सोर्समधून बरोबर तेच पोर्ट निवडलं (दोन नंबरला केबल आणि एक नंबर निवडलेला असेल तर No Signal येतं आणि माणसाला वाटतं केबलच गेली), मग लॅपटॉपवर Windows + P दाबून Duplicate. चित्र आलं. पण चारही कडा कापलेल्या, खालची पट्टी अर्धी गायब. जुने टीव्ही आलेलं चित्र जरा मोठं करून दाखवतात त्यामुळे होतं ते, लॅपटॉपात काही बिघाड नसतो. टीव्हीच्या पिक्चर साइजमध्ये जाऊन Just Scan केलं की बरोबर बसतं, काही टीव्हींवर त्यालाच Screen Fit म्हणतात. आवाज मात्र लॅपटॉपमधूनच येत होता, तो साउंडच्या आयकॉनवरून टीव्हीकडे वळवला.

हे सगळं अर्ध्या तासात झालं. खरं काम पुढे होतं.

धडा हृदयाचा होता. मी पुस्तकातल्यासारखीच आकृती घेतली, सगळ्या भागांची नावं त्यात, बाजूला चार ओळी माहिती, अक्षर २८ च्या साइजचं. टेबलाजवळ उभं राहून बघितलं तर फार सुंदर दिसत होतं. मग शेवटच्या बाकावरच्या मुलीला वाचायला सांगितलं तर तिने फुप्फुस चं फफस वाचलं. तिचे डोळे चांगले आहेत, फळ्यावरचं सगळं वाचते ती. तेव्हा कळलं की आपल्या लिपीत दुरून आधी उकार जातो, मग अनुस्वार, रफार, आणि अक्षराचं पोट सगळ्यात शेवटी. इंग्रजी अक्षर बारीक झालं तरी अंदाजाने ओळखता येतं, आपल्याकडे एक उकार दिसला नाही तर शब्दच दुसरा होतो आणि विज्ञानाचा नवीन शब्द असेल तर पोराला अंदाज कशावरून यायचा?

मग पट्टी घेऊन टीव्हीवरच मोजलं. ३२ इंची म्हणजे कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत ३२, पडद्याची उंची जेमतेम ४० सेंटीमीटर भरते. शेवटचा बाक टीव्हीपासून साधारण ६ मीटर. २८ च्या साइजमध्ये मात्रा-उकार सोडून नुसत्या अक्षराची उंची एक सेंटीमीटर भरली, आणि ६ मीटरवरून एक सेंटीमीटर म्हणजे चांगल्या नजरेच्या अगदी काठावर. आरामात वाचायचं तर त्याच्या दुप्पट, दोन सेंटीमीटर तरी पाहिजे. म्हणून साइज ५४ केला. तीच मुलगी, तोच बाक, आता फुप्फुस धमनी एका दमात वाचलं.

पण ५४ केलं की एका स्लाइडवर पाच-सहा ओळींच्या वर काही मावत नाही, आणि आकृती असेल तर दोन-तीन शब्दच. आधी वाईट वाटलं, मग लक्षात आलं की शिकवायला हेच बरं. आता पहिल्या स्लाइडवर नुसतं हृदय, एकही नाव नाही. दुसरीवर फक्त उजवं अलिंद उजळ आणि महाशिरेतून रक्त येतानाचा बाण. तिसरीवर रक्त उजव्या निलयात उतरतं, चौथीवर फुप्फुस धमनीतून फुप्फुसांकडे, मग फुप्फुस शिरांतून डाव्या अलिंदात, तिथून डाव्या निलयात आणि शेवटी महाधमनीतून शरीरभर. एका वेळी एकच नाव आणि एकच बाण. प्रत्येक स्लाइडला मी थांबतो आणि आता रक्त कुठे जाणार ते पोरांना विचारतो, आणि ती वाद घालतात रे! एक जण हट्टाला पेटला होता की धमनीत शुद्धच रक्त असणार, मग ही धमनी फुप्फुसाकडे चाललीय तर तिच्यात ऑक्सिजन कमी असलेलं रक्त कसं, आणि त्याला उत्तर मी नाही दिलं, दुसऱ्या पोराने पडद्याजवळ येऊन बाणावर बोट ठेवून सांगितलं की हृदयातून बाहेर जाते ती धमनी, रक्त कसलं का असेना. पुस्तकातल्या गच्च आकृतीवर हे कधी झालं नव्हतं.

आता तुझा लॅपटॉप गेल्यावर काय, तर ते आधीच करून ठेवलंय. या टीव्हीच्या यूएसबीला पेन ड्राइव्ह लावला तर पॉवरपॉइंटची फाइल त्याला दिसतच नाही, पण फोटो दिसतात. म्हणून सगळ्या स्लाइड्स JPEG म्हणून सेव्ह केल्या, पॉवरपॉइंट विचारतो तेव्हा All Slides म्हणायचं, प्रत्येक स्लाइडचा एक फोटो होतो. फॉन्टची कटकटही संपते, कारण अक्षर आता चित्रच झालं, दुसऱ्या कुठल्या टीव्हीवर लावलं तरी जोडाक्षर फुटणार नाही. फक्त अॅनिमेशन जातं. एका स्लाइडवर क्लिक करत करत पाच बाण आणत असशील तर फोटोत पाचही एकदम येऊन बसतात, म्हणून स्लाइडची कॉपी काढायची आणि प्रत्येक कॉपीत एकेक बाण वाढवायचा. माझी मेहनत यातच गेली. फाइलची नावंही 01.jpg, 02.jpg अशी बदलून घेतली, नुसतं 1, 2 ठेवलं तर हा टीव्ही एकनंतर थेट दहा दाखवतो आणि रक्त उलटंपालटं वाहायला लागतं. पेन ड्राइव्ह FAT32 मध्ये फॉरमॅट केलाय, दुसऱ्या प्रकारचा त्याने वाचलाच नाही.

रिमोटच्या डाव्या-उजव्या बटनाने फोटो मागेपुढे होतात, आणि पोरांना मागे जाऊन परत बघायचं असतं तेव्हा हे लॅपटॉपपेक्षा सोपं पडतं कारण रिमोट त्यांच्याच हातात देतो. वर्गात टीव्ही खिडकीसमोर होता तो आडव्या भिंतीला हलवला, नाहीतर दुपारी पडद्यात खिडकीच दिसायची. उंचीही वाढवली, पुढच्यांची डोकी आड येत होती.

एक काम अडकलंय, त्यात तुझी मदत पाहिजे. हृदयाच्या झडपा उघडतात-मिटतात ते फोटोत दाखवता येत नाही. त्याचा छोटा व्हिडिओ पेन ड्राइव्हवर टाकला तर टीव्हीवर आवाज येतो आणि चित्र काळं. फाइलची माहिती उघडून बघितली तर आत HEVC लिहिलंय, आणि एवढ्या जुन्या टीव्हीला ते उलगडता येत नाही. तुझ्याकडे व्हिडिओ बदलायचं सॉफ्टवेअर आहे ना, तर तो H.264 मध्ये करून mp4 दे, 720p पुरे, या पडद्यावर त्याच्या वरचं काही कळत नाही. मूळ फाइल लॅपटॉपच्या डेस्कटॉपवर हृदय नावाच्या फोल्डरमध्ये ठेवलीय, आणि स्लाइड्सही तिथेच आहेत, त्या मात्र डिलीट करू नकोस, पुढच्या वर्षीच्या वर्गासाठी त्यात सुधारणा करायची आहे.

तुझाच,
मास्तर