हवेच्या गळतीचा प्रस्ताव

चाकण, रविवार

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार. फोनवर तू विचारलंस, साहेबांपुढे एवढं काय मांडलंस? नीट लिहितो, कारण हिशेब तुझ्यासारख्या अकाउंट्सवाल्याने तपासायला हवा.

आमच्या असेंब्ली शॉपला ३७ किलोवॅटचा स्वतंत्र स्क्रू कॉम्प्रेसर आहे. सुट्टीच्या दिवशी सगळी मशिनं बंद ठेवून तो चालवला. हवा कोणीच वापरत नाही म्हटल्यावर दाब भरला की त्याने लोड घ्यायचं, म्हणजे पुन्हा हवा दाबायचं, कारण नाही. पण तो ९० सेकंद लोडवर, २१० सेकंद अनलोड, म्हणजे हवा न दाबता नुसता, असा फिरत राहिला. ३०० पैकी ९० म्हणजे ३० टक्के हवा गळतीत! जेवणाच्या सुट्टीत शॉप शांत असतं तेव्हा फुसफुस ऐकूही येते. साबणाचं पाणी लावलं की पीयू पाइपच्या पुश फिटिंगपाशी, क्विक कपलरला, हवा गाळणाऱ्या एफआरएलच्या वाटीखाली बुडबुडे.

प्रस्ताव फक्त याच शॉपचा. बाकी प्लांटचा कॉम्प्रेसर सामाईक आहे, तिथे एक लाइन दुरुस्त केली तरी फरक मीटरवर वेगळा दिसणार नाही. मुदत सहा आठवडे : दोन नुसत्या मोजणीचे, दोन दुरुस्तीचे, दोन पुन्हा मोजणीचे. खर्च ४० हजार. त्यात कॉम्प्रेसरला वेगळा एनर्जी मीटर १० हजार, पाइप, फिटिंग आणि बॉल व्हॉल्व्ह २२ हजार, उरलेला फिटरचा ओव्हरटाइम.

आता खरी गोम. गळती १० टक्क्यांवर आणली तर २० टक्के हवा वाचते; ३७ चे २० टक्के ७.४ किलोवॅट, महिन्याचे ४१६ तास धरले तर ३,०७८ युनिट. आकडा झकास दिसतो, पण तसा लिहिला असता तर तोंडावर आपटलो असतो. स्क्रू कॉम्प्रेसर अनलोड असतानाही साधारण तिसरा हिस्सा वीज खातच असतो. म्हणून मी दोन तृतीयांशच धरले : २,०५० युनिट, नऊ रुपयांनी १८ हजारांच्या आसपास. सव्वादोन महिन्यांत पैसे वसूल.

साहेब म्हणाले, "उत्पादन कमी झालं तर बिल आपोआप उतरेल, मग श्रेय कोणाचं?" बरोबर आहे. म्हणून महिन्याचं बिल न धरता दर हजार नगांमागे किती युनिट लागली ते मोजायचं ठरलं, आणि गळतीची चाचणी शेवटी परत तशीच, सुट्टीच्या दिवशी. १५ टक्क्यांच्या खाली आली नाही तर पुढचं शॉप घ्यायचं नाही, हेही मीच लिहून दिलंय. प्रॉडक्शनवाल्यांना मात्र दुरुस्तीसाठी लाइन थांबवायची नाही, म्हणून काम दुसरी शिफ्ट सुटल्यावर.

एकच धास्ती : फिटिंग पुन्हा सैल होतात. दर तीन महिन्यांनी चाचणी घेण्याचा खर्च मी यात धरलेला नाही. तो वसुलीच्या हिशेबात आत्ताच टाकू की नंतर मागू, ते कळव. मंजुरीची मीटिंग गुरुवारी आहे, त्याआधी फोन कर.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
अविनाश