कर्म पाहून प्रत्यय लावणारं क्रियापद

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

हंगेरियनमध्ये एकाच वर्तमानकाळाचे दोन तक्ते कशाला, असं तू विचारलंस. फोनवर ते नीट सांगता येईना, म्हणून हे पत्र.

'लात' म्हणजे पाहणे. 'मला एक घर दिसतं' हे 'लातोक एद्य हाझॉत', आणि 'मला ते घर दिसतं' हे 'लातोम ऑ हाझॉत'. दोन्हीकडे घराच्या शेवटी कर्माचा तोच 'त' आहे. बदललंय ते क्रियापद. कर्म मोघम असेल किंवा नसेलच, तर लातोक, लात्स, लात (मी, तू, तो). कर्म ठरलेलं असेल तर लातोम, लातोद, लात्यॉ. आपणही 'मुलगी पाहिली' आणि 'त्या मुलीला पाहिलं' यांत फरक करतोच. पण आपल्याकडे त्याची पहिली खूण नामावर उमटते, तिथे ती 'एद्य' किंवा 'ऑ' या उपपदावर आणि क्रियापदावर.

निश्चित रूपातच 'ते' मुरलेलं असल्यामुळे नुसतं 'लातोम' म्हटलं तरी 'मला ते दिसतंय' हा अर्थ पुरा होतो. माणसाचं नाव कर्म असलं की निश्चित रूपच येतं: 'पेतेर्त लातोम'.

आता खरी गंमत. 'ठरलेलं' म्हणजे बोलणाऱ्याच्या मनात ठरलेलं, असं धरून चाललास तर अडशील. 'मी' आणि 'तू' यांच्याइतकं ठरलेलं दुसरं काय असणार? तरी 'तो मला पाहतो' हे 'लात एंगेम', म्हणजे अनिश्चित रूप. 'तो तिला पाहतो' म्हटलं की मात्र लगेच 'लात्यॉ'. निश्चित रूप तृतीयपुरुषी कर्मासाठीच राखलेलं आहे. कर्ता 'मी' आणि कर्म 'तू' असेल तर तिसराच प्रत्यय लागतो: 'लात्लॉक', मी तुला पाहतो. कर्ता आणि कर्म दोघंही त्या एका शब्दात आले. पण समोरच्याला आदराने 'आपण' म्हणायचं असेल तर ते व्याकरणात तृतीयपुरुषी धरतात, म्हणून तिथे पुन्हा 'लातोम'.

शब्दाचा अर्थ पाहूनही नेहमी निकाल लागत नाही. 'मिंदेन हाझॉत' म्हणजे प्रत्येक घर, तरी क्रियापद 'लातोक'. 'मिंदेद्यिक हाझॉत' याचाही अर्थ जवळपास तोच, पण ते 'लातोम' मागतं. प्रश्नातही तसंच. 'काय दिसतंय?' हे 'मित लात्स?', पण 'कोणतं घर दिसतंय?' हे 'मेयिक हाझॉत लातोद?', कारण 'कोणतं' म्हणताना समोर असलेल्या घरांतलंच एक निवडायचं असतं. म्हणून असे शब्द अर्थावरून न लावता क्रियापदासकट पाठ कर.

भूतकाळात प्रथमपुरुषी एकवचनाला दोन्ही रूपं एकच आहेत: 'लात्तॉम', घर कुठलंही असो. 'तू'ला मात्र 'लात्ताल' आणि 'लात्तॉद' वेगळी. तेव्हा सराव करताना स्वतःबद्दलचीच वाक्यं रचत बसू नकोस, तिथे चूक झाली तरी दिसणार नाही. 'तू' आणि 'तो' घेऊन वाक्यं कर आणि पुढच्या पत्रात पाठव, मी तपासून देतो.

तुझा,
विनय