पाहुण्या व्याख्यात्यांचे मानधन: खजिनदारांची सूचना

सभासदहो, नमस्कार. पुण्याहून शिकवायला येणाऱ्या मॅडमच्या खात्यात ठरल्यापेक्षा कमी पैसे गेले, असं काहींनी विचारलं. पैसे कमी दिलेले नाहीत. वर्षभरातल्या १२ व्याख्यानांचे ६०,००० रुपये होतात. मानधन वर्षाला ५०,०००च्या वर गेलं की पूर्ण रकमेवर १० टक्के टीडीएस कापावा लागतो, फक्त वरच्या दहा हजारांवर नाही. म्हणून प्रत्येक ५,०००मधून ५०० कापून ४,५०० दिले. पॅन नसता तर २० टक्के गेले असते.

प्रवासखर्च वेगळा. पुणे–सोलापूर तिकिटं जोडून वेगळं बिल घ्या, त्यातून काही कापणार नाही. मागे एका पाहुण्यांचं भाडं मानधनाच्याच बिलात लिहिलं, तेव्हा भाड्यावरही कर कापला गेला. मला फार वाईट वाटलं. कापलेला कर मॅडमच्या पॅनवर जमा दिसेल. विवरणपत्रात तो वळता होईल.