काकू, तुमच्या त्या दोन पानांसाठी

प्रिय काकू,

सप्रेम नमस्कार.

तुम्ही आपल्या सोसायटीच्या सेक्रेटरी आहात आणि मी दुसऱ्या मजल्यावरची भाडेकरू. रोज जिन्यात भेटतो, त्यामुळे हे समोरासमोर सांगता आलं असतं. तरी मुद्दाम सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय. ज्यांच्या सोसायटीत उद्या कुणी नवीन राहायला येणार आहे, त्यांनाही तुमचं माहितीपत्रक कसं आहे ते कळावं.

गेल्या जूनमध्ये आम्ही लातूरहून आलो. आई, बाबा आणि मी. टेम्पोतून सामान उतरत होतं तेवढ्यात तुम्ही वर आलात, आईच्या हातात चहाचा थर्मास दिलात आणि माझ्या हातात दोन कागद. वर लिहिलं होतं, ‘आपल्या इमारतीत तुमचं स्वागत आहे.’ आधीच्या इमारतीत आम्हाला पहिल्या दिवशी मिळाली होती ती ‘भाडेकरूंनी करू नये’ अशा सोळा गोष्टींची यादी. तुमच्या कागदावर ‘करू नये’ होतंच, पण प्रत्येकापुढे ‘कारण’ होतं. माझ्या बाबांसारख्या माणसाला कारण कळलं की पुन्हा सांगावं लागत नाही.

पाण्याचंच घ्या. तुम्ही लिहिलं होतं की महापालिकेचं पाणी पहाटे साडेपाच ते आठ येतं, ते खालच्या टाकीत पडतं, पंपाने वरच्या टाकीत चढतं आणि नळाला सकाळी सहा ते नऊ आणि संध्याकाळी सहा ते आठ सोडलं जातं. दुरुस्तीसाठी गुरुवारी शहराचं पाणी बंद राहणार असेल तर आदल्या दिवशी जिन्यातल्या फळ्यावर लिहिलेलं असेल, आणि शुक्रवारी पाणी उशिरा आणि कमी दाबाने येईल, हेही होतं. हे वाचून बाबांनी काय केलं असेल? बाजारात जाऊन दोनशे लिटरचा निळा ड्रम आणला. काकू, त्यांना दोष देऊ नका. 2016 साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, ते दिवस त्यांनी काढलेत. भरलेलं भांडं दिसलं की त्यांना झोप लागते.

पण त्याखालीच तुमचा हिशोब होता, आणि तो बाबांनी मोठ्याने वाचला. आपली 24 घरं. घरटी चार माणसं आणि माणशी 135 लिटर धरलं तर दिवसाला साधारण 13 हजार लिटर लागतात. खालची टाकी 20 हजारांची, वरची 10 हजारांची. म्हणजे बुधवारी रात्री दोन्ही भरलेल्या असल्या तर गुरुवार सुखाने निघतो आणि शुक्रवारच्या उशिरालाही पुरतं. पण घाबरून प्रत्येकाने त्याच रात्री एकेक ड्रम भरला तर 4,800 लिटर घराघरांत जाऊन बसतात. वरची टाकी अर्धी होते, पंप रात्रीच खालचं पाणी ओढतो, आणि शुक्रवारी पाणी फारच उशिरा आलं तर ज्याच्या घरी तान्हं बाळ आहे त्याचा नळ कोरडा पडू शकतो. शिवाय शनिवारी ड्रममधलं शिळं पाणी मोरीत ओतलं जातं. तुम्ही लिहिलं होतं, ‘दोन बादल्या आणि पिण्याची एक कळशी भरा. बाकीचं पाणी खालच्या टाकीत आहे, ते आपलंच आहे.’ हे वाक्य बाबांनी दोनदा वाचलं. ड्रम आता बाल्कनीत आहे, त्यात आई गहू ठेवते.

त्याच परिच्छेदातल्या दोन बारीक सूचनांनी आमचं नुकसान वाचवलं. एक अशी की टाकी रिकामी झाल्यावर पाणी परत सोडलं की नळ आधी फुसफुसतो, कारण पाइपात हवा धरलेली असते. तेव्हा नळ थोडाच उघडा ठेवायचा, हवा निघून जाते, आणि पहिली बादली गढूळ आली तर फरशी पुसायला वापरायची. दुसरी म्हणजे कोरडा नळ उघडा टाकून बाहेर जायचं नाही. मी एकदा तशी निघालेच होते. दारामागे तुमचा कागद चिकटवलेला होता म्हणून परत फिरले.

कचऱ्याबद्दल बहुतेक ठिकाणी ‘ओला-सुका वेगळा करा’ एवढंच लिहितात. तुम्ही आधी ताईंची ओळख करून दिलीत. त्या पावणेआठला येतात, आधी वरचा मजला घेतात, त्यांचे पैसे दरमहा आपण थेट त्यांच्याच हातात द्यायचे, आणि सुका कचरा त्या स्वतःच्या हातांनी वेगळा करतात. हाताने करतात हे एकदा कळलं की पुढचं सगळं आपोआप समजतं. डायपर आणि सॅनिटरी पॅड वर्तमानपत्रात गुंडाळून वर लाल ठिपका काढायचा, म्हणजे पुडी उघडावी लागत नाही. फुटलेली काच जाड कागदात, वर ‘काच’ लिहून, पिशवीत न टाकता हातात द्यायची. इंजेक्शनची सुई असेल तर झाकणाच्या प्लास्टिकच्या डबीत. बाबा इन्सुलिन घेतात, त्यामुळे ही ओळ जणू आमच्यासाठीच होती.

आणि दुधाची पिशवी! कोपरा पूर्ण कापून टाकायचा नाही, नुसती चीर द्यायची, म्हणजे तो कपटा पिशवीलाच लटकत राहतो. नखाएवढा तो तुकडा सुटा झाला की कुणाच्या हाती लागत नाही, गटारात जातो. पिशवी विसळून, उलटी करून वाळवली तर ताईंना तिचे पैसे मिळतात, खरकटी असली तर ती कचराच. आता आमच्या ओट्याच्या कडेला रोज दोन पिशव्या चिमट्याला लटकलेल्या असतात.

पार्किंगचं मात्र पहिल्या वाचनात मला थोडं जाचक वाटलं होतं. आमची जागा खांब नंबर सहाजवळ, दुचाकी भिंतीकडे. गाडीमागे गाडी लावायची वेळ आली तर न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक न ओढता, म्हणजे दुसऱ्याला ढकलता येते. पाहुण्यांची गाडी बाहेर, रस्त्यावरची सम-विषम तारखेची पाटी बघून. इथवर ठीक. पण मागच्या गेटपासून लिफ्टपर्यंतचा पिवळा पट्टा ‘पाच मिनिटांसाठीसुद्धा’ रिकामा ठेवायचा. सामान उतरवायलाही नाही? कारणात तुम्ही एकच शब्द लिहिला होता, रुग्णवाहिका.

काकू, आता त्या रात्रीबद्दल. फेब्रुवारीतली. दोन वाजून दहा मिनिटांनी आईने मला उठवलं. बाबा पलंगावर बसून होते, सदरा घामाने भिजलेला, छातीवर कुणी दगड ठेवलाय म्हणत होते. मी फोन हातात घेतला आणि मला काही सुचेना. इथे येऊन आठ महिने झालेले, पण त्या क्षणी मला आमच्या गल्लीचं नाव आठवेना. आईच म्हणाली, ‘दारामागचा कागद बघ.’

दुसऱ्या पानाच्या अगदी वर, मोठ्या अक्षरांत, 108 होता. आणि त्याखाली ‘फोनवर हे वाचून दाखवा’ अशी चौकट. इतर ठिकाणी पत्ता टपालासाठी असतो तसा लिहितात, सर्व्हे नंबरसकट. तुम्ही तो ड्रायव्हरला सांगावा तसा लिहिला होता. सिंहगड रस्त्यावरून कोणतं वळण, कोपऱ्यावर कोणतं दुकान, आणि पुढे, ‘नकाशा तुम्हाला पुढच्या गेटवर आणेल, ते रात्री अकराला बंद होतं. मागच्या गल्लीतल्या हिरव्या गेटने या.’ मी ओळीने वाचत गेले. पलीकडच्या बाईंनी विचारलं, पेशंट शुद्धीवर आहे का, वय किती, काय होतंय. तेवढंच माझं मला सांगावं लागलं.

त्याखाली तीन ओळी होत्या. वॉचमनला फोन करून हिरवं गेट उघडायला सांगा आणि त्याला गल्लीच्या तोंडाशी टॉर्च घेऊन उभं करा. रुग्णाला चालवू नका. लिफ्टमध्ये स्ट्रेचर मावत नाही, हातांची खुर्ची जिन्याखालच्या खोलीत आहे, किल्ली वॉचमनकडे. मी तिन्ही केल्या, त्याच क्रमाने. शेजारच्या दादांनी खुर्ची आणली. तुम्हीही गाऊनवर शाल घेऊन खाली आलात आणि आईचा हात धरून उभ्या राहिलात. रुग्णवाहिका पिवळ्या पट्ट्यावरून थेट लिफ्टच्या दारापर्यंत आली. एकही गाडी हलवावी लागली नाही. जून महिन्यात जाचक वाटलेली जागा मी तेव्हा डोळ्यांनी बघितली, दोन्ही बाजूंना गाड्यांच्या रांगा आणि मधे ती मोकळी.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत. एक स्टेंट बसवला. बाबा आता संध्याकाळी आवारात चार फेऱ्या मारतात, तुम्ही बघताच.

नंतर तो कागद मी शांतपणे परत वाचला, तेव्हा कळलं की नंबरांचा क्रमही तुम्ही विचार करून लावलाय. 108, मग 112, मग आगीसाठी 101. गॅसचा वास आला तर 1906, पण त्याआधी लिहिलंय की रेग्युलेटर बंद करा, खिडक्या उघडा, दिव्याचं बटण चालूही करू नका आणि बंदही करू नका, आणि फोन घराबाहेर जाऊन लावा. लाइट गेली तर 1912, पण आधी जिन्यातला दिवा चालू आहे का बघा. तो चालू असेल तर बिघाड फक्त तुमच्या घरातला, इलेक्ट्रिशियनला बोलवा. सगळ्यात शेवटी वॉचमन, पंपवाले, लिफ्टवाले आणि तुम्ही स्वतः. तुमच्या नावापुढे ‘कधीही’ लिहिलंय.

आणि पानाच्या तळाशी ‘नंबर तपासल्याची तारीख’. दर तीन महिन्यांनी एका घराने प्रत्येक स्थानिक नंबर लावून बघायचा आणि तारीख बदलायची. छापून लावलेला नंबर चुकीचा असेल तर नसलेला बरा, असं तुम्ही सोसायटीच्या बैठकीत म्हणाला होतात.

काकू, तुमचे मनापासून आभार. आईचे, बाबांचे आणि माझेही. यावेळी तपासायची पाळी मी मागून घेतली. काल संध्याकाळी सगळे नंबर लावले. लिफ्टच्या मेकॅनिकचा नंबर बदललाय, जुना आता दुसऱ्याच कुणाकडे आहे. नवीन घेतला, खुर्चीच्या ओळीत ‘जिन्याखालच्या खोलीची दुसरी किल्ली दुसऱ्या मजल्यावर, आमच्याकडे’ एवढं वाढवलं, आणि 24 प्रती काढल्या. तुमची प्रत सकाळी दाराखालून सरकवलीय. ताईंसाठी एक जास्तीची आहे, ती बाबा पावणेआठला स्वतः देणार म्हणतात.

तुमची,
दुसऱ्या मजल्यावरची