सई, फॉर्मवर W लिहायच्या आधी हे वाच

प्रिय सई,

काल फोनवर तू म्हणालीस की दहावीच्या फॉर्मसाठी मॅडमनी नावाचं स्पेलिंग विचारलंय आणि तू Gawhane लिहून देणार आहेस कारण W भारी दिसतो. मी नुसतं "थांब गं" म्हणालो आणि तेवढ्यात तुमची फोनची वेळ संपली. म्हणून हे पत्र, आणि जरा लांबेल, कारण या W ने मला काय काय करायला लावलंय ते तुला कधी नीट सांगितलंच नाही.

आपलं आडनाव मराठीत एकच, गव्हाणे. पण इंग्रजीत लिहायला गेलं की व साठी V का W, व्ह मधला h ठेवायचा का गाळायचा, आणि हा साठी a एक का दोन, असे तीन प्रश्न, प्रत्येकाला दोन उत्तरं, म्हणजे आठ स्पेलिंगं झाली. त्यातली तीन तर आपल्याच घरात आहेत. माझ्या दहावीच्या सर्टिफिकेटवर Gavhane. पॅन काढताना एजंटने Gawhane टाकलं, मी बघितलं पण वाटलं उच्चार तर तोच आहे ना, मग आधार आणि पासपोर्ट त्या पॅनला बघून झाले. बँकेत काउंटरवरच्या माणसाने ऐकून Gavane टाइप केलं, h गायब. पंधरा वर्षं काही बिघडलं नाही. मग एका वर्षी इन्कम टॅक्सचा रिफंड यायचा होता, तर पोर्टलवर बँक अकाउंट व्हॅलिडेट होईना, कारण पॅनवर एक नाव आणि खात्यावर दुसरं. आजीला वाटलं मी टॅक्स बुडवला. 😄

गंमत अशी की माणूस हे दोन्ही वाचून "गव्हाणेच" म्हणतो, पण कॉम्प्युटर उच्चार ऐकत नाही, अक्षराला अक्षर जुळवतो. पासपोर्टच्या फोटोच्या पानावर खाली दोन ओळी असतात बघ, बाण बाण असलेल्या, एअरपोर्टवरचं मशीन त्याच वाचतं. तुझा पासपोर्ट निघेल तेव्हा पहिली ओळ अशी असेल:

```
P<INDGAVHANE<<SAI<SANJAY<<<<<<<<<<<<<<<<<<<<
```

आधी आडनाव, मग दोन बाण, मग नाव. तिथे देवनागरी नाही, त्यामुळे "मुळात व आहे हो, दोन्ही एकच" हे सांगायला जागाच नाही. तिकिटावर W आणि इथे V असेल तर काउंटरवरचा माणूस समजूतदार निघाला तर सोडेल, नाही निघाला तर नाही, आणि मला तरी माझ्या पोरीचं विमान कोणाच्या समजूतदारपणावर सोडायचं नाहीये.

आता मुद्दा. कुठलं स्पेलिंग बरोबर? कुठलंच नाही गं, आणि सगळीच. मराठी आडनाव रोमनमध्ये कसं लिहायचं याचा सरकारचा एकच सक्तीचा नियम नाही, म्हणून तर सावंतांच्या घरात Sawant आणि Savant दोन्ही सापडतात. मग निवडायचं कसं, तर जो कागद बदलायला सगळ्यात अवघड तो बघायचा आणि बाकीच्यांना त्याच्या मागे न्यायचं. बँकेतलं नाव एक फॉर्म आणि केवायसी दिली की बदलतं. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, म्हणजे तिथे जपून. पण सगळ्यात चिवट म्हणजे जन्मदाखला, शाळेचं जनरल रजिस्टर आणि दहावीचं सर्टिफिकेट. शाळा सुटल्यावर रजिस्टरमधलं नाव बदलायचं म्हणजे शिक्षणाधिकारी, बोर्ड, चकरा. आणि पुढे कुठेही गेलीस, कॉलेज, नोकरी, व्हिसा, तर नावाचा पुरावा म्हणून दहावीचंच सर्टिफिकेट काढ म्हणतात.

तुझ्या जन्मदाखल्यावर Gavhane आहे, रजिस्टरमध्ये Gavhane, माझ्या दहावीवरही तेच. म्हणून Gavhane. सुंदर दिसतं म्हणून नाही, तिथलं बदलायला सगळ्यात जास्त त्रास आहे म्हणून. तुझा W मला आवडला नाही असं नाही, वहीवर लिही, इन्स्टावर लिही.

तुझं एकच चुकलेलं आहे, आधार. ते मी लहानपणी माझ्या आधारला बघून Gawhane करून घेतलं होतं, चूक माझीच. दिवाळीत आलीस की आपण दोघं जन्मदाखला घेऊन सेंटरला जाऊ. तिथे एक बघायचं असतं, ऑपरेटर इंग्रजीत टाइप करतो आणि मराठी आपोआप उमटतं, माझ्या कार्डावर असंच "गवहाने" झालंय, तर तो स्क्रीन आपल्याकडे वळवून इंग्रजी आणि मराठी दोन्ही वाचूनच हो म्हणायचं. त्या दोनपैकी एक संधी आपण खर्च करतोय, वाया जायला नको. तुझं आधार झालं की मग तुझं बँकेचं खातं, आणि पासपोर्ट त्यानंतरच.

माझं जरा किचकट आहे. तुझ्या पासपोर्टच्या अर्जात आईबाबांची नावंही असतात आणि तुझ्या जन्मदाखल्यावर वडील Gavhane, पण माझा स्वतःचा पासपोर्ट Gawhane, म्हणजे बाप लेकीचा वाटणार नाही अशी सोय मीच करून ठेवलीये. म्हणून मी पण V वर येतोय. आधी राजपत्रात जुनं आणि नवं नाव छापून घेतोय, कारण त्या एका कागदावर दोन्ही स्पेलिंगं शेजारी शेजारी असतात आणि पुढे कोणी विचारलं तर तोच दाखवायचा. मग आधार, मग पॅन, आणि पॅन बदललं की त्याच महिन्यात बँक, नाहीतर परत रिफंडचं तेच. पासपोर्ट शेवटी, तो पुढच्या वर्षी संपतोच आहे आणि सध्या त्याच्यावर चालू व्हिसा नाहीये म्हणून बरं, असता तर मी तो संपेपर्यंत नावाला हात लावला नसता.

काका म्हणतो एवढं कशाला, स्टँपपेपरवर "दोन्ही नावं एकाच व्यक्तीची" असं अ‍ॅफिडेव्हिट कर आणि दे. ते मी केलं होतं की. एका ठिकाणी चाललं, दुसऱ्या ठिकाणी म्हणाले मूळ रेकॉर्ड बदलून आणा. अ‍ॅफिडेव्हिटने समोरच्या माणसाचं समाधान होतं, सिस्टीममधलं अक्षर तिथेच राहतं.

तर तू एवढंच कर. उद्या मॅडमना सांग की जनरल रजिस्टरला आहे तेच ठेवा, आणि लिहून देताना कॅपिटलमध्ये एकेक अक्षर सुटं लिही, G A V H A N E, कारण घाईत लिहिलेले दोन V जवळ आले की W च दिसतात. मग काही महिन्यांनी बोर्डाची प्री-लिस्ट येईल, नाव, आईचं नाव, जन्मतारीख तपासायला देतात आणि सही घेतात. मुली तेव्हा गप्पा मारत सही करतात, माझ्या वेळी मी पण तेच केलं असतं. तू सही करायच्या आधी ती ओळ वहीत उतरवून घे, जशी आहे तशी, आणि संध्याकाळी फोनवर मला अक्षर अक्षर वाचून दाखव. फोनची वेळ संपत आली तर आधी ते, मग मेसच्या जेवणाची तक्रार.

बाबा
(आईने वाचलं, ती म्हणते माहेरचं Kshirsagar ठेवलं असतं तर अजून मजा आली असती)